पर्यावरण कायद्याची व्हायव्हा: सावधगिरी, ‘प्रदूषक भरेल’ आणि मागून येणारे उलटप्रश्न

पर्यावरण कायद्याच्या व्हायव्हात पहिला प्रश्न सोपा असतो. “प्रिकॉशनरी प्रिन्सिपल म्हणजे काय?” मुले धडाधड बोलतात, वेल्लोरचा खटला सांगतात, १९९६ साल सांगतात. मग परीक्षक विचारतात, “बरं, त्या तत्त्वाप्रमाणे सिद्ध कुणी करायचं आणि काय?” आणि गाडी तिथे अडते.

गोव्यात विधी शाखेच्या मुलांना हा विषय शिकवताना आणि त्यांच्या तोंडी परीक्षा घेताना मी हे पुन्हा पुन्हा पाहते. व्याख्या पाठ असते, पण त्या तत्त्वाने कुणाच्या अंगावर कोणती जबाबदारी टाकली, हे बघितलेले नसते. उलटप्रश्न नेमके तिथूनच सुरू होतात. म्हणून वीस खटल्यांची नावे पाठ करण्यापेक्षा सावधगिरीसाठी एक आणि ‘प्रदूषक भरेल’साठी एक, असे दोनच खटले घटनांसकट तयार करा. बाकीचे त्यांना जोडून घेता येतात. खाली तीच तयारी मी करून दाखवते. परीक्षा इंग्रजीत असली तरी आधी मराठीत विचार पक्का करून घ्या, म्हणजे पाठ केलेल्या वाक्यांवर विसंबावे लागत नाही.

आधी वेल्लोरचे तीन तुकडे करा

वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम विरुद्ध भारत सरकार हा निकाल ऑगस्ट १९९६ मधला. तामिळनाडूतले चामडे कमावण्याचे कारखाने पालार नदीत आणि आसपासच्या जमिनीवर सांडपाणी सोडत होते. या निकालात न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व आणि ‘प्रदूषक भरेल’ हे तत्त्व, दोन्ही देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे म्हटले. सावधगिरीच्या तत्त्वाचा अर्थ सांगताना तीन गोष्टी मांडल्या. पहिली, सरकारने आणि वैधानिक संस्थांनी पर्यावरणाच्या ऱ्हासाची कारणे आधीच ओळखून ती रोखायची आणि दूर करायची. दुसरी, गंभीर आणि भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तर ‘वैज्ञानिक खात्री नाही’ ही सबब पुढे करून उपाय लांबणीवर टाकायचे नाहीत. तिसरी, आपले काम पर्यावरणाला घातक नाही हे दाखवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्याची.

हे तीन तुकडे वेगवेगळे सांगा, कारण प्रत्येकावर निराळा उलटप्रश्न येतो. पहिल्यावर हमखास येणारा प्रश्न असा: “हे तर प्रतिबंध झालं. सावधगिरी त्याहून वेगळी कशी?” उत्तर असे द्या की प्रतिबंधात धोका माहीत असतो. क्रोमियम विहिरीत उतरले तर काय होते हे ठाऊक आहे, म्हणून ते उतरू द्यायचे नाही. सावधगिरीत धोका आहे असे मानायला सबळ कारण असते, पण तो किती आणि कसा हे विज्ञानाने अजून नक्की सांगितलेले नसते. वेल्लोरच्या पहिल्या तुकड्यात प्रतिबंधाचाच सूर जास्त आहे, दुसऱ्यात सावधगिरी. असे प्रामाणिकपणे सांगितलेत तर परीक्षक खूश होतात, कारण तुम्ही निकाल वाचला आहे हे त्यांना कळते.

दुसऱ्या तुकड्यावर येणारा प्रश्न अधिक खोल असतो: “रिओच्या जाहीरनाम्यात हेच लिहिलंय का?” १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचे पंधरावे तत्त्व आणि वेल्लोर शेजारी-शेजारी ठेवून वाचा. रिओमध्ये ‘गंभीर किंवा भरून न येणारी’ हानी म्हटले आहे, वेल्लोरमध्ये ‘गंभीर आणि भरून न येणारी’. म्हणजे शब्दशः पाहिले तर आपल्याकडची अट कडक आहे, कारण दोन्ही लागतात. उलट रिओने परवडणाऱ्या खर्चातले उपाय आणि प्रत्येक राष्ट्राची कुवत अशा दोन सवलती ठेवल्या आहेत, त्या वेल्लोरच्या मांडणीत नाहीत. त्या बाजूने आपले तत्त्व जास्त कडक ठरते. या दोन फरकांवर तीन-चार मिनिटे बोलता येते, आणि हे फारच कमी मुले सांगतात.

तिसऱ्या तुकड्याकडे वळू, कारण तिथेच सर्वांत जास्त मुले घसरतात.

सावधगिरीसाठी गोव्यातला खटला: कॅसलरॉक ते कुळे

कुळे आणि कॅसलरॉकच्या मधला रेल्वेचा घाट आपल्याला दूधसागरमुळे ठाऊक आहे. हा एकेरी मार्ग दुहेरी करण्याचा प्रस्ताव होता. मार्ग भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जातो. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मंजुरी दिली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीपुढे गेले, आणि एप्रिल २०२१ च्या अहवालात समितीने म्हटले की दुहेरीकरणाचे समर्थन सापडत नाही. घाटातला हा तुकडा रेल्वेच्या जाळ्यातला अत्यंत अकार्यक्षम भाग आहे, त्याची क्षमता वाढवण्यासाठी पश्चिम घाटातले इतके नाजूक जंगल मोडणे योग्य नाही. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचा निष्कर्ष मान्य केला आणि स्थायी समितीची मंजुरी रद्द केली. मात्र दार पूर्ण बंद केले नाही: जैवविविधतेवर काय परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास करून रेल्वे विकास निगमाला नव्याने प्रस्ताव देता येईल, असे नमूद केले.

आता परीक्षक कसे पुढे सरकतात ते बघा.

“इथे सावधगिरीचं तत्त्व कुठे आलं? न्यायालयाने हानी सिद्ध झाली असं म्हटलं का?”

नाही म्हटले. हानी होईल अशी साधार चिंता होती आणि अभ्यास झालेला नव्हता. सावधगिरी सुरू होण्यासाठी प्रत्यक्ष धोका समोर उभा राहावा लागत नाही, योग्य कारणाने वाटणारी काळजी पुरते, अशीच न्यायालयाची भूमिका. इथे मुले म्हणतात, “सर, जंगलाची हानी होणार हे सिद्ध झालं म्हणून नाकारलं.” हे उत्तर चुकीचे आहे. हानी सिद्ध झाली असती तर सावधगिरीची गरजच पडली नसती.

“मग प्रकल्प कायमचा रद्द झाला का?”

नाही. अभ्यास करून पुन्हा येण्याची मुभा आहे. म्हणजे जबाबदारी प्रकल्प मांडणाऱ्यावर गेली: तुम्हाला जे बदलायचे आहे त्याचा परिणाम काय होईल हे तुम्हीच दाखवा. तिसरा तुकडा इथे जिवंत दिसतो. ए. पी. पोल्युशन कंट्रोल बोर्ड विरुद्ध नायडू या १९९९ च्या निकालात न्यायालयाने पुराव्याच्या जबाबदारीचे हेच स्पष्टीकरण केले आहे: जैसे थे स्थिती ज्याला बदलायची आहे, त्याच्यावर ती जबाबदारी.

आता खरा कठीण उलटप्रश्न. तो सगळे विचारत नाहीत, पण चांगले परीक्षक विचारतातच.

“नर्मदा बचाव आंदोलनच्या निकालात न्यायालयाने म्हटलं की पुराव्याची जबाबदारी उलटवण्याचं तत्त्व प्रदूषण करणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे, धरण म्हणजे काही अणुप्रकल्प किंवा प्रदूषण करणारा कारखाना नव्हे. मग रेल्वेमार्ग तरी कुठे प्रदूषण करणारा कारखाना आहे?”

इथे गडबडू नका. २००० सालच्या नर्मदा निकालातले बहुमत असे होते: परिणाम किती होईल याची माहितीच नसेल तर अनिश्चिततेपायी जबाबदारी उलटते, पण परिणाम माहीत असेल तर प्रश्न उरतो तो हानी कमी करण्याच्या उपायांचा. धरणाचे परिणाम माहीत आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यामुळे उत्तराची किल्ली ‘कारखाना आहे की नाही’ यात नाही, ‘परिणाम माहीत आहे की नाही’ यात आहे. कॅसलरॉक-कुळे प्रकरणात परिणामांचा पुरेसा अभ्यासच नव्हता, शिवाय जागा वन्यजीव कायद्याखाली संरक्षित. म्हणून नर्मदेच्या निकषानेही हे प्रकरण अनिश्चिततेच्या बाजूला पडते. शेवटी एक वाक्य जोडा: २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० मध्ये हे तत्त्व आले आहे आणि तिथे ते फक्त कारखान्यांपुरते ठेवलेले नाही. परीक्षक तुमच्याशी सहमत होतील असे नाही. पण नर्मदेचा निकाल बाजूला न सारता त्याच्याच शब्दांतून तुम्ही वाट काढलीत, हे त्यांना दिसते.

“सावधगिरी म्हणजे विकासाला नकारच ना?” हा प्रश्न गोव्यात हमखास येतो, कधी कधी सुरात थोडी चीडही असते. उत्तराला मोपा विमानतळ घ्या. पर्यावरण मंजुरीसाठी भरलेल्या अर्जात परिसरातल्या वनांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिली नव्हती. मार्च २०१९ मध्ये हनुमान लक्ष्मण आरोसकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित करून तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला सांगितले. समितीने जादा अटी सुचवल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि अटींच्या पालनावर लक्ष ठेवण्याचे काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे दिले गेले. विमानतळ उभा राहिला, पेडण्यातून विमाने उडतात. म्हणजे तत्त्वाने नकार दिला नाही, आधी पूर्ण माहिती मागितली. रेल्वे आणि मोपा ही जोडी एकत्र सांगितलीत तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

‘प्रदूषक भरेल’: बिछडीचा खटला

या तत्त्वाला गोव्यातला खटला शोधत बसू नका. राजस्थानातल्या उदयपूरजवळचे बिछडी गाव घ्या. तिथले प्रत्येक तथ्य कोणत्या ना कोणत्या उलटप्रश्नाचे उत्तर आहे.

१९८८ च्या सुमारास तिथे एच-अॅसिड हे रंगनिर्मितीत लागणारे रसायन बनवले जाऊ लागले. आवश्यक संमती घेतलेल्या नव्हत्या. उत्पादन फार काळ चालले नाही, पण मागे सुमारे २,४०० टन विषारी गाळ राहिला. तो उघड्यावर टाकला गेला, पावसाबरोबर जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गडद रंगाचे होऊन पिण्याच्या, शेतीच्या, गुरांच्या कामाचे राहिले नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे वेल्लोरच्या सहा महिने आधी, इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अॅक्शन या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना उपाययोजनेचा खर्च भरायला सांगितला.

“कंपनीने पुरेशी काळजी घेतली होती, असं तिने दाखवलं तर?” तरीही भरावे लागते. धोकादायक उद्योग करणाऱ्याने वाजवी काळजी घेतली होती की नाही, हा प्रश्न तिथे उरत नाही. ही ओलियम वायुगळती खटल्यातली निरपेक्ष दायित्वाची भूमिका बिछडीत पुढे चालवली गेली.

“मग निरपेक्ष दायित्व आणि ‘प्रदूषक भरेल’ ही एकच गोष्ट झाली?” नाही. निरपेक्ष दायित्व सांगते जबाबदार कोण आणि बचाव कोणता चालत नाही. ‘प्रदूषक भरेल’ सांगते की त्या जबाबदारीत काय काय मोडते. माणसांना मिळणारी भरपाई तर आहेच, शिवाय माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही. त्या गावातल्या शेतकऱ्याला विहिरीच्या नुकसानीचे पैसे मिळाले तरी गाळ तिथेच पडून राहिला, तर तत्त्वाचे अर्धेच काम झाले.

“कारखाने बंद पडल्यावर काय? पैसे कुणाकडून?” इथे बिछडीचा पुढचा भाग सांगा. कंपन्या वर्षानुवर्षे अर्जावर अर्ज करत राहिल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये, ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. कारखाना बंद केल्याने देणे सुटत नाही, आणि खटला लांबवून फायदा होऊ नये म्हणून व्याज चक्रवाढ. न्यायदान किती रेंगाळू शकते हेही या खटल्यातून दिसते. ते लपवू नका, परीक्षकांनी तत्त्वाची मर्यादा विचारली तर हाच मुद्दा सांगा.

“म्हणजे पैसे भरा आणि प्रदूषण करा, असंच ना?” नाही, कारण बिछडीत बिनापरवाना चाललेला उद्योग पैसे भरून सुरू ठेवता आला नाही. भरणे हे झालेल्या हानीचे, पुढे करायच्या हानीचे नव्हे. हे उत्तर दोन वाक्यांत संपवा. यावर फार बोलत राहिलात तर भाषण होते.

पुराव्याचा मुद्दा इथे परत येतो. “सावधगिरीत जबाबदारी प्रकल्पवाल्यावर. इथेही तशीच?” निम्मी मुले इथे हो म्हणतात. खरे उत्तर असे: नुकसान झाल्यावर भरपाई मागणाऱ्याने नुकसान झाले आणि ते याच्या कामामुळे झाले, एवढे दाखवावे लागते. निष्काळजीपणा मात्र दाखवावा लागत नाही. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १७ मध्ये अपघाताच्या बाबतीत दोष न पाहता दायित्व ठरवण्याचे तत्त्व आहे. सावधगिरी हानीच्या आधी काम करते, तिथे जबाबदारी उलटते. ‘प्रदूषक भरेल’ हानीनंतर काम करते, तिथे फक्त दोषाचा भाग गळतो.

आकडा कसा काढाल? डिचोलीतला एक काल्पनिक हिशेब

“तत्त्व कळलं. पण किती भरायचं?” या प्रश्नावर तत्त्वाची गोष्ट थांबते आणि हिशेब सुरू होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र लिहिता आले पाहिजे:

```
EC = PI × N × R × S × LF
```

EC म्हणजे भरायची पर्यावरण भरपाई. PI म्हणजे उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक. या सूत्रासाठी लाल श्रेणीला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३० धरतात. N म्हणजे उल्लंघनाचे दिवस. R हा रुपयांतला घटक, १०० ते ५०० च्या दरम्यान, सुचवलेला आकडा २५०. S म्हणजे उद्योगाचा आकार: लहान ०.५, मध्यम १, मोठा १.५. LF म्हणजे जवळच्या शहराची लोकसंख्या: १० लाखांच्या आत १, त्यापुढे वाढत जातो. काहीही झाले तरी दिवसाला ५,००० रुपयांच्या खाली रक्कम जात नाही. श्रेण्यांची यादी २०२५ मध्ये सुधारली आहे, तेव्हा उद्योग कोणत्या श्रेणीत येतो हे परीक्षेआधी ताज्या यादीत बघा.

आता डिचोली तालुक्यात लाल श्रेणीतला एक छोटा कारखाना आहे असे समजा. त्याचे सांडपाणी ओहोळातून वाळवंटी नदीत जाते. १ एप्रिलला राज्य मंडळाने नमुना घेतला. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची, म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाच्या मापाची, सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, नमुन्यात निघाले १८०. कारखान्याने शुद्धीकरण संयंत्र दुरुस्त केले आणि १ मे रोजी मंडळाने तपासून सगळे ठीक असल्याची नोंद केली. तीस दिवस धरू. गोव्यात १० लाखांचे शहर नाही, म्हणून LF १.

```
80 × 30 × 250 × 0.5 × 1 = 300000
```

तीन लाख रुपये, म्हणजे दिवसाला दहा हजार. हाच कारखाना हिरव्या श्रेणीत असता तर दिवसाला ३,७५० आले असते आणि किमान मर्यादेमुळे ५,००० धरावे लागले असते. हा बारकावा फळ्यावर हिशेब मांडतानाच सांगा.

त्यावरचे उलटप्रश्न असे.

“तीस दिवस रोज प्रदूषण झालं, हे कशावरून? नमुना तर एकाच दिवसाचा.” सूत्र रोजचा नमुना मागत नाही. उल्लंघन दिसल्यापासून पालन तपासले जाईपर्यंतचे दिवस धरले जातात. त्यामुळे कारखान्याने लवकर दुरुस्ती करून लवकर तपासणी मागितली, तर त्याचाच फायदा. पण मंडळाने तपासणीला विनाकारण उशीर केला तर तो काळ कारखान्याच्या खात्यात का धरायचा, हा कारखान्याच्या वकिलाचा रास्त मुद्दा होऊ शकतो. तोही मांडा.

“ओहोळाकाठच्या घरांच्या विहिरी खराब झाल्या. त्यांना या तीन लाखांतून काय मिळणार?” इथेच सूत्राची खरी मर्यादा कळते. सूत्र उल्लंघनाचे दिवस मोजते, विहिरीचे नुकसान मोजत नाही. विहिरीच्या मालकांनी हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी करायची. गोव्यासाठी ते पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे. मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षे, आणि पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ दिवस. कलम १४ खालची सहा महिन्यांची मुदत आणि ही पाच वर्षांची मुदत यांची सरमिसळ करू नका, परीक्षक ती मुद्दाम करून बघतात.

“मंडळाला असा आकडा लावायचा अधिकार आहे का? दंड तर न्यायालय करतं.” दोन टप्प्यांत उत्तर द्या. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रदूषणाचा दंड खटला चालवून दोष सिद्ध झाल्याशिवाय लावता येत नाही, भरपाई मात्र वेगळी गोष्ट आहे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली पोल्युशन कंट्रोल कमिटी विरुद्ध लोधी प्रॉपर्टी या निकालात ठरले की जल कायद्याचे कलम ३३ अ आणि वायू कायद्याचे कलम ३१ अ यांखाली मंडळे भरपाईच्या स्वरूपाची रक्कम लावू शकतात. मात्र आधी त्यासाठी नियम करून कार्यपद्धती ठरवली पाहिजे. दंड आणि भरपाई हे शब्द उत्तरात एकमेकांच्या जागी वापरलेत तर पुढचे दोन प्रश्न तुम्ही स्वतःच ओढवून घेता.

हा सगळा हिशेब घरी एकदा कागदावर करा आणि मित्राला समोर बसवून सांगा. प्रत्येक उत्तरावर त्याने “का?” किंवा “तथ्य काय?” यांपैकी एकच विचारायचे. तथ्य विचारल्यावर तुम्ही पुन्हा तत्त्वच सांगू लागलात, तर तो खटला अजून तयार नाही असे समजा.

गोव्याच्या परीक्षेतला सापळा: खाणींचा कायम निधी

“गोव्यात ‘प्रदूषक भरेल’चं सर्वांत मोठं उदाहरण कोणतं?” या प्रश्नाला बहुतेक मुले खाणींचा कायम निधी सांगतात. त्यामागची घटना अशी: सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या गोवा फाउंडेशन खटल्याच्या निकालात २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरले, कारण भाडेपट्ट्यांची मुदत तेव्हा संपली होती. पुढच्या उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के गोवन आयर्न ओअर परमनंट फंडात जमा करायला सांगितले.

मग परीक्षक विचारतात, “हे दहा टक्के कोणत्या प्रदूषणाचे?”

नीट बघा. हे दहा टक्के ज्याने ओहोळ गढूळ केला त्याच्याकडून तेवढ्या नुकसानीपुरते घेतलेले नाहीत. कायद्याने खनिज विकणाऱ्यालाही ते भरावे लागतात. न्यायालयाने निधीचा आधार सांगितला तो शाश्वत विकास आणि पिढ्यांमधला न्याय हा. जमिनीतले लोहखनिज एकदाच काढता येते, पुढच्या पिढीच्या वाट्याचे आज संपते, म्हणून त्यातला काही भाग तिच्यासाठी राखून ठेवायचा. तेव्हा याला ‘प्रदूषक भरेल’ म्हणणे चूक.

“मग खाणींमुळे शेतात आलेल्या मातीचं काय? तिथे कोणतं तत्त्व?” तिथे ‘प्रदूषक भरेल’ लागते, पण ते निधीतून भागत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या ज्या शेतकऱ्याच्या शेतात पावसाळ्यात डंपाची माती उतरली, त्याचा दावा त्या डंपाला जबाबदार असणाऱ्यावर, झालेल्या नुकसानीपुरता, कलम १५ च्या मार्गाने. आणि भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर डंप टाकायला त्याच निकालाने मनाई केली आहे, म्हणून ‘आम्ही नियमाप्रमाणेच टाकला’ हा बचाव तपासताना डंप कुठे आहे हे आधी बघावे लागते.